मका जास्त की राय जास्त? व्हिस्कीतला गोडवा आणि मसाला येतो कुठून?

सिनसिनाटीकर

मंडळी, एक कोडं पडलंय. नाताळच्या सुट्टीत दोन बाटल्या आणल्या, वाइल्ड टर्की 101 आणि फोर रोझेस सिंगल बॅरल. दोन्ही बर्बन, दोन्ही केंटकीतल्या लॉरेन्सबर्ग गावच्या. दुकानातल्या म्हाताऱ्याने पावतीच्या मागे धान्याचं प्रमाण लिहून दिलं. टर्कीत मका 75 टक्के, राय 13, उरलेला 12 बार्लीचा माल्ट. फोर रोझेसमध्ये मका 60, राय तब्बल 35 आणि माल्ट 5. ताकद जवळपास तीच, 50.5 आणि 50 टक्के.

आजवर वाचलंय की मका म्हणजे गोडवा आणि राय म्हणजे मसाला. त्या हिशेबाने टर्की गोड लागायला हवी आणि फोर रोझेस झणझणीत. मला नेमकं उलटं लागलं. टर्कीत दालचिनी, मिरी, जळक्या लाकडाचा तुरटपणा. फोर रोझेसमध्ये पिकलेलं पेर, थोडा मध. बायकोला न सांगता ग्लास दिले, तिचंही मत तेच. आता सांगा, पावती खोटी की जीभ?

कोल्हापुरी_ठसका

राईची व्हिस्की? अहो आमच्याकडे राई म्हणजे मोहरी. 35 टक्के मोहरी घातल्यावर ठसका लागणारच की. फोडणी देऊन पिता का?

सिनसिनाटीकर

राई नाही हो, राय. गहू-जवाच्या भावकीतलं धान्य आहे, थंड मुलखात येतं. आपल्याकडे पिकत नाही म्हणून त्याला मराठी नावही नाही. तुम्ही राईचा पर्वत केलात.

पिंपळपान

सोपं आहे. मक्यात पिष्ट भरपूर, पिष्टाची साखर होते, म्हणून मका जास्त असलेली दारू गोड. अमेरिकेत साखरेऐवजी कॉर्न सिरप वापरतात तेही म्हणूनच. तुमची टर्कीची बाटली जुनी झाली असेल किंवा दुकानदाराने आकडे उलटे लिहिले असतील.

जुनं_पिंप

पिंपळपान, तुमचं म्हणणं आंबवणापर्यंत बरोबर आहे. पुढे घसरतं. मक्याची साखर होते खरी, पण ती यीस्ट खाऊन टाकतं, तिचीच दारू होते. आणि जी थोडी उरते ती भट्टीच्या तळाशीच राहते. साखर वाफेबरोबर वर चढत नाही. त्यामुळे भट्टीतून निघालेल्या कच्च्या दारूत साखर शून्य, मग धान्य मका असो की राय.

पावती बरोबर आहे, सिनसिनाटीकर, आणि जीभही. मी काही वर्षं एका डिस्टिलरीच्या चव-चाचणीच्या टेबलावर बसलोय. हा घोळ तिथे नवीन आलेल्या प्रत्येकाचा होतो.

गोडवा आपल्याला वासातून कळतो. बर्बनला कायद्याने नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं. लाकूड भाजलं की त्यातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन सुटतं, म्हणजे व्हॅनिलाचा वास. हेमिसेल्युलोज भाजून कॅरॅमलचा वास येतो. ओकमध्ये लॅक्टोन असतात, त्यांचा वास ओल्या खोबऱ्यासारखा. हे तिन्ही वास आपल्या डोक्यात आयुष्यभर गोड पदार्थांशी जोडलेले आहेत, म्हणून मेंदू ‘गोड’ म्हणतो.

खात्री करायची तर नाक घट्ट दाबून एक घोट घ्या. चटका तसाच राहील, किंचित गोडसरपणाही राहील कारण अल्कोहोल स्वतः जरासं गोड लागतं, पण कॅरॅमल-व्हॅनिला गायब होईल. घोट तोंडात असतानाच नाक सोडा. सगळं धाडकन परत येतं.

निवृत्त_जोशी

मला मधुमेह आहे. म्हणजे मका आणि राय दोन्हींत साखर नाही, असं धरून चालू का? रोज एक पेग घेतला तर चालेल?

जुनं_पिंप

जोशीकाका, साधी बर्बन किंवा राय असेल तर साखर नाही. मधाची, फळांची म्हणून विकतात त्या वेगळ्या, त्यांत साखर असते. पण ‘साखर नाही म्हणून चालेल’ असं नका धरू. मधुमेहाच्या काही गोळ्यांवर दारू घेतली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. हे डॉक्टरांनाच विचारा, धाग्यावर नको.

भट्टीवाली

मी धान्यापासून ईएनए, म्हणजे दारूसाठी लागणारं जवळपास बिनवासाचं शुद्ध अल्कोहोल, काढणाऱ्या कारखान्यात केमिस्ट आहे, सांगलीच्या बाजूला. आमच्याकडे मका, तुटका तांदूळ, मिळेल ते येतं. टनाला साधारण 380 लिटर अल्कोहोल देतो म्हणून मका परवडतो. पण आम्ही 96 टक्क्यांपर्यंत चढवतो. तिथे मक्याचा ईएनए आणि तांदळाचा ईएनए शेजारी ठेवले तर वासावरून सांगणं मुश्कील. मग बर्बनमध्ये ‘मक्याची चव’ म्हणतात ती उरते कुठून?

जुनं_पिंप

ताई, मुद्द्याचं विचारलंत. बर्बनला वरून लगाम आहे. 80 टक्क्यांच्या वर चढवायचं नाही आणि पिंपात भरताना 62.5 च्या वर ठेवायचं नाही. बहुतेक केंटकीवाले 80 च्याही बरेच खाली थांबतात. म्हणून धान्याचे, यीस्टचे तेलकट-फळकट अंश मागे राहतात. तुमचा कॉलम ते सगळं धुऊन टाकतो.

तरी मका स्वतः फार बोलका नाही हे खरं. त्याचा पुरावा बाजारात मिळतो. ‘मेलो कॉर्न’ नावाची व्हिस्की आहे. किमान 80 टक्के मका, पण पिंप जुनं, आधी बर्बन मुरवलेलं. चार वर्षांहून जास्त मुरवूनही रंग फिका, वास ताज्या लाह्यांचा आणि लोण्याचा. कॅरॅमल जवळपास नाहीच. म्हणजे नवं पिंप काढून घेतलं की मक्याची ‘मिठाई’ बरीचशी उतरते. मका जागा करून देतो. गुळगुळीत, हलकी दारू देतो आणि पिंपाला बोलू देतो. राय मात्र पिंप बोलत असताना मध्येच तोंड घालते.

म्युनिककर

इथे मी घरी बिअर करतो, त्यामुळे राय ओळखीची आहे. तिच्यातली लवंग कुठून येते ते सांगू शकतो. धान्याच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल असतं. काही जातींचं यीस्ट त्याचं रूपांतर 4-व्हायनिलग्वायकोल नावाच्या पदार्थात करतं, आणि त्याचा वास थेट लवंगेचा. बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरमध्ये लवंग येते ती हीच. मॅश, म्हणजे दळलेलं धान्य आणि गरम पाण्याचा लगदा, 45 अंशांच्या आसपास थोडा वेळ धरला की फेरुलिक आम्ल जास्त सुटतं आणि लवंग वाढते. रायच्या बिअरमध्ये मला ती नेहमी मिळते. व्हिस्कीतही तेच असणार.

भट्टीवाली

थांबा. फेरुलिक आम्ल मक्याच्या कोंड्यातही भरपूर असतं, रायपेक्षा जास्तच. मग मक्यात लवंग का नाही?

म्युनिककर

हं. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

जुनं_पिंप

माझी समजूत सांगतो. मक्याच्या कोंड्यात ते फार घट्ट बांधलेलं असतं, सहज सुटत नाही. शिवाय दोन्ही धान्यांना वागवण्याची पद्धत वेगळी आहे. मका आधी घालतात आणि उकळीपर्यंत शिजवतात, त्याशिवाय पिष्ट फुलत नाही. मग मॅश 70-75 अंशांवर उतरला की राय टाकतात. शेवटी 63-65 ला माल्ट, कारण त्याहून गरम असेल तर माल्टमधली एन्झाइम मरतात. राय आधीच उकळली तर काय होतं ते एकदा बघितलंय. खळ होते अक्षरशः, पतंगाच्या मांज्याला लावायची तशी. पंप ओढेना, आंबवणाच्या टाकीतून फेस वर आला आणि जमिनीवर वाहिला. रायमध्ये पाणी धरून ठेवणारे डिंकासारखे पदार्थ असतात, त्यांचा हा प्रताप. त्यातूनही काही रायवाले उकळतात म्हणे.

पण रायचा सगळा मसाला फेरुलिकवर लोटणं मला पटत नाही. रायमध्ये लवंगेबरोबर ओलं गवत, पुदिना, कधीकधी चक्क शेपू असतो. इंडियानातही एक लॉरेन्सबर्ग आहे, तिथल्या मोठ्या डिस्टिलरीत 95 टक्के राय आणि 5 टक्के माल्टची पाककृती चालते, अनेक ब्रँड तीच बाटलीत भरतात. त्यात शेपूची जुडी नाकाखाली धरल्यासारखं होतं. शेपू कशामुळे यावर आमच्या टेबलावर कधीच एकमत झालं नाही. कोणी यीस्ट म्हणायचं, कोणी राय.

पिंपळपान

रायचा ब्रेड खाल्ला असेल तर हा वास ओळखीचाच वाटेल. थोडा जिऱ्यासारखा.

म्युनिककर

तो जिरेवास रायचा नाही! इथे रायच्या ब्रेडमध्ये कॅरवे घालतात, शहाजिऱ्याची चुलत बहीण. नुसत्या रायच्या पिठाचा ब्रेड खाऊन बघा, मातकट आणि आंबूस लागतो. निम्म्या जगाने रायची चव म्हणून कॅरवेची चव पाठ केली आहे.

मिसिसागाचा_मामा

तुमचं सगळं चुकतंय. आमच्याकडे कॅनडात ‘राय’ मागितली की जी येते ती मऊ आणि गोड असते. शेपू नाही, लवंग नाही. मी तीस वर्षं पितोय.

जुनं_पिंप

मामा, तुमची बाटलीही खरी आहे. कॅनडात ‘राय’ हा व्हिस्कीला पडलेला जुना शब्द आहे. तिथे लेबलवर राय लिहायला राय किती टक्के हवी असा नियम नाही, बरेचदा आत मकाच जास्त असतो. अमेरिकेत मात्र राय म्हणवायला किमान 51 टक्के राय लागते. आणि अमेरिकन रायलाही नवं जळकं पिंप सक्तीचं आहे, म्हणून व्हॅनिला तिच्यातही असतोच.

आता मूळ कोड्याकडे येतो. सिनसिनाटीकर, तुम्ही दोन पाककृतींची तुलना केलीच नाहीत. दोन कारखान्यांची केलीत. वाइल्ड टर्कीचं पिंप सगळ्यात खोल जाळलेलं असतं, आतला कोळसा मगरीच्या पाठीसारखा फुटतो. ओकमध्येच युजेनॉल असतं, लवंगेच्या तेलातलं तेच. म्हणजे 13 टक्के रायवाल्या दारूत मसाला पिंपातून येऊ शकतो. आणि तुमच्या फोर रोझेसमधला पेर मक्याचा नाही की रायचा नाही, तो यीस्टचा आहे.

फोर रोझेसवाले दोन पाककृती आणि पाच यीस्ट वापरतात, म्हणजे दहा प्रकारची दारू. ‘ई’ पाककृतीत मका 75, राय 20, माल्ट 5. ‘बी’त 60, 35, 5. यीस्टची अक्षरं व्ही, के, ओ, क्यू, एफ. सिंगल बॅरलची नेहमीची बाटली ओबीएसव्ही, म्हणजे बी पाककृती आणि व्ही यीस्ट, जे नाजूक फळांचा वास देतं. तुम्हाला खरी तुलना हवी असेल तर दुकानांनी स्वतः निवडलेली पिंपं मिळतात, त्यांच्या लेबलवर हे अक्षर असतं. ओईएसके आणि ओबीएसके शोधा. कारखाना तोच, के यीस्ट तेच, गोदामंही एकमजली, त्यामुळे वरच्या-खालच्या मजल्याच्या उष्णतेचा फरक फारसा नाही. उरतो मका आणि राय. वय जवळचं बघा.

कोल्हापुरी_ठसका

इतकं शोधण्यापेक्षा मी मोहरीची करतो.

सिनसिनाटीकर (पाच आठवड्यांनी)

मिळाल्या! एक नदीपलीकडे केंटकीत, दुसरी मित्राने लेक्सिंग्टनहून आणली. ओईएसके नऊ वर्षांची, 60 टक्के. ओबीएसके दहा वर्षांची, 54 टक्के. शनिवारी चौघे बसलो. बायकोने आत ओतून ग्लासाखाली खडूने खुणा केल्या, आम्हाला काही दिसू दिलं नाही.

पहिली फेरी जशीच्या तशी, पाणी न घालता. चौघांपैकी तिघांनी ओईएसकेला ‘मसालेदार, हीच राय जास्तवाली’ म्हटलं. मीही त्या तिघांत. साफ चूक.

जुनं_पिंप

60 टक्के आणि 54 टक्के शेजारी ठेवल्यावर हेच होणार. अल्कोहोल तोंडातल्या त्याच संवेदकांना डिवचतं ज्यांना मिरची डिवचते. इंग्रजीत दोन्हीला एकच ‘स्पायसी’ लावतात म्हणून सगळे फसतात. आपल्याकडे तिखट वेगळं आणि मसालेदार वेगळं. चटका बसला तर तिखट म्हणा, ते अल्कोहोल. लवंग, मिरी, पुदिना नाकात आला तर मसाला म्हणा. वहीत दोन वेगळे रकाने करा. आणि दोन्ही 45 वर आणा.

सिनसिनाटीकर

हो, तोच हिशेब मग केला. 60 वाल्याच्या 30 मिलीत 18 मिली अल्कोहोल. 45 टक्के हवं तर एकूण 40 मिली व्हायला हवं, म्हणजे पाणी 10 मिली. 54 वाल्याच्या 30 मिलीत 16.2, एकूण 36, म्हणजे पाणी 6 मिली. मुलीच्या औषधाच्या सिरिंजने मोजलं. ग्लास झाकून पंधरा मिनिटं ठेवले.

दुसरी फेरी उलटली. ओईएसकेत जर्दाळू, लोणी, भाजक्या मक्याच्या कणसाचा वास, आणि घोट गिळल्यावर गोडसर शेवट. ओबीएसकेत आधी तोच व्हॅनिला, पण लगेच त्याच्यावर लवंग आणि पुदिना, शेवट कोरडा, जिभेच्या कडांना तुरट. चौघांनीही बी बरोबर ओळखली. मग तीन-तीन ग्लास ठेवून ‘यातला वेगळा कुठला’ असं सहा वेळा केलं, तर मी चार वेळा बरोबर. नुसत्या अंदाजाने दोन आले असते.

फरक आहे, पण मला वाटलं होतं तेवढा नाही. ओईएसकेतही मसाला आहेच.

जुनं_पिंप

असणार. एकतर तिच्यातही 20 टक्के राय आहे, बऱ्याच केंटकी बर्बनपेक्षा जास्त. दुसरं, के यीस्ट स्वतःच थोडा मसाला देतं. आणि नऊ-दहा वर्षांचं ओक. दुधाळ गोडवा आणि मसाला यांची तुलना आणखी उघडी हवी असेल तर रायऐवजी गहू घातलेली बर्बन घ्या. मेकर्स मार्कमध्ये मका 70, गहू 16, माल्ट 14, राय नाहीच. लोक म्हणतात गव्हामुळे गोड. माझं मत, गहू काही गोड करत नाही. पिंपाच्या गोडव्यावर बोलणारं कोणी नाही म्हणून तो मोठा ऐकू येतो.

भट्टीवाली

हे तुमचं मत झालं, पिंपकाका. गव्हाचं यीस्टबरोबर काही वेगळं होत असेल तर? तिथेही कारखाना, यीस्ट, पिंप सगळंच वेगळं आहे. तुम्ही सिनसिनाटीकरांना जे करू नका म्हणालात तेच केलंत.

जुनं_पिंप

पकडलंत. मान्य.

पिंपळपान

म्हणजे शेवटी सगळं पिंपच की. धान्याच्या टक्केवारीवर इतकी वादावादी कशाला?

सिनसिनाटीकर

सगळं पिंप असतं तर चौघांनी बी ओळखली नसती. पण एक गोष्ट राहिली. रात्री ग्लास न धुता तसेच ठेवले. सकाळी कोरड्या ग्लासांचा वास घेतला तर दोन्हीत व्हॅनिला आणि भाजलेलं लाकूड, त्यांवरून डोळे मिटून फरक सांगता येईना. पुदिना उडून गेला होता. लवंग मात्र दोन्हीत राहिली होती, बी मध्ये जरा ठळक. बायको म्हणाली, आजी दाढ दुखली की कापसाला लावायची त्या तेलाचा वास. आता ही उरलेली लवंग ओकची की रायची?

जुनं_पिंप

बाटलीवरून नाही सांगता येणार. त्यासाठी पिंपात जायच्या आधीची दारू हवी, ई आणि बी दोन्हींची. ती दुकानात मिळत नाही.

म्युनिककर

न मुरवलेली राय मात्र काही छोट्या डिस्टिलऱ्या विकतात, पांढरी. तिच्यात लवंग असेल तर ती ओकची नक्कीच नाही.

सिनसिनाटीकर

शनिवारी बघतो. सिरिंज आता नवी घ्यावी लागेल, मुलीने जुनीचा वास घेऊन ती फेकून दिली.